मथळ्यात छोटा शब्द कुठे घालायचा आणि कुठे नाही

*प्रश्न: मराठी दैनिकाच्या डेस्कवर नवीन आहे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन कॉलमी मथळ्याला ४० अक्षरांची मर्यादा आहे. मी मोजते तेव्हा ३०-३३ भरतात, तरी चौकट लाल होते. शब्द छोटे केले की वरिष्ठ म्हणतात अर्थ बदलला. छोटे समानार्थी शब्द निवडायचे कसे?*

तुमची पोस्ट वाचून आमच्या डेस्कवरच्या रात्रपाळ्या आठवल्या, म्हणून सविस्तर लिहितो. माझा अनुभव मराठी दैनिकाचा आहे. तुमच्या संस्थेची शैलीपुस्तिका वेगळं सांगत असेल तर तीच पाळा.

आधी लाल चौकटीचं. तुम्ही डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजताय. यंत्र बहुधा तसं मोजत नाही. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार ही प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते. जोडाक्षरात न दिसणारी पाय मोडण्याची खूण, म्हणजे हलन्त, तीही मोजली जाते. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं. यंत्राला ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी असे ६ घटक दिसतात. ‘महिला’ मात्र डोळ्यांना तीन अक्षरं आणि यंत्राला ५. म्हणजे दिसायला लांब शब्द मोजणीत छोटा निघतो. ‘मुख्यमंत्री’ चार अक्षरी आहे आणि ११ भरतो. ‘विद्यार्थी’ तीन अक्षरी आहे आणि १० भरतो. जोडाक्षरांचे संस्कृत शब्द खिसा रिकामा करतात तो असा.

तुमची प्रणाली कशी मोजते हे शोधायला मथळ्याच्या चौकटीत फक्त ‘स्त्री’ टाइप करा. आकडा ६ वाढला तर वर सांगितलेली मोजणी आहे. १८ वाढला तर प्रणाली बाइट मोजतेय, कारण देवनागरीचा प्रत्येक घटक यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो. १ किंवा ३ वाढला तर ती दिसणाऱ्या अक्षरांच्या जवळपास मोजतेय. ही चाचणी केल्याशिवाय शब्दांना हात लावू नका, नाहीतर भलतेच शब्द छाटले जातात.

आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या वेळच्या संस्थेत नवी प्रणाली आली तेव्हा मर्यादा ४० एवढंच कळवलं गेलं. कसली ४०, हे प्रणाली सांभाळणाऱ्या विभागाला विचारलं, लेखी विचारलं, पुन्हा विचारलं. उत्तर एकच, ‘अक्षरं मोजा.’ त्याहून वाईट म्हणजे छापील पानाच्या चौकटीत मर्यादा ओलांडली की निदान लाल रंग यायचा. मोबाइलवर जाणाऱ्या सूचनेत तोच मथळा गुपचूप ४० च्या आतल्या शेवटच्या पूर्ण शब्दावर कापला जायचा. हे त्यांना माहीत होतं. डेस्कला माहीत नव्हतं.

एका रात्री मथळा गेला: ‘दुरुस्ती लांबल्याने सोमवारी पाणीकपात होणार नाही’. डोळ्यांनी मोजला तर जागा धरून २६. यंत्राने मोजला ४७. फोनवर लोकांना गेलं: ‘दुरुस्ती लांबल्याने सोमवारी पाणीकपात’. आपल्या भाषेत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि शेपूट छाटलं की बातमी उलटी होते. लोकांनी पिंप-बादल्या भरून ठेवल्या, टँकर सांगितले आणि सकाळपासून कार्यालयात फोन सुरू झाले. खुलासा छापला गेला, तोही डेस्कच्या नावावर. पाळीतल्या उपसंपादकाला लेखी ताकीद मिळाली. ज्या विभागाने मोजणी लपवून ठेवली त्याच्याकडे एका ओळीचंही स्पष्टीकरण कुणी मागितलं नाही. त्या ताकिदीचा राग मला आजही येतो, कारण त्या मथळ्यात भाषेची एकही चूक नव्हती.

तेव्हापासूनचा माझा ठाम नियम: मर्यादा कडक असेल तर मथळ्यात ‘नाही’ शेवटी ठेवायचं नाही. वरचा मथळा ‘सोमवारची पाणीकपात लांबणीवर’ असा २६ मध्ये बसतो. ‘सोमवारची पाणीकपात टळली’ तर २२ मध्येच बसतो आणि मोह होतो. पण ‘टळली’ म्हणजे संकट गेलं. दुरुस्ती पुढे गेली होती, रद्द झालेली नव्हती, म्हणजे कपात पुढच्या आठवड्यात येणारच होती. चार घटक वाचवायला वाचकाला निर्धास्त करणं मला मान्य नाही. जागा असेल तर ‘लांबणीवर’च.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. समानार्थी शब्द शोधण्याआधी कुठला शब्द बदलायचा हे ठरवा. नवीन माणूस सर्वात आधी क्रियापदावर कात्री चालवतो, आणि नेमकं तेच शेवटी करायचं असतं. एक मथळा घेऊ: ‘उच्च न्यायालयाची महानगरपालिकेच्या पाडकाम कारवाईला स्थगिती’. डोळ्यांना जागा धरून ३३, म्हणजे तुमच्या हिशेबाने आरामात बसणारा. यंत्राला ५७. सतरा घटक कमी करायचेत.

सोपी वाट म्हणजे ‘स्थगिती’ काढून ‘रद्द’ घालणं. ७ चे ४ होतात. पण स्थगिती म्हणजे पुढची सुनावणी किंवा निकाल होईपर्यंत कारवाई थांबवली. रद्द म्हणजे ती कारवाईच मोडीत काढली. ‘रद्द’ वाचून त्या इमारतीतली माणसं पेढे वाटतील आणि पुढच्या तारखेला स्थगिती उठली तर रस्त्यावर येतील. म्हणून हा शब्द जागचा हलवायचा नाही.

संस्थांच्या नावांपासून सुरुवात करा. ‘उच्च न्यायालयाची’चं ‘हायकोर्टाची’ केलं की १६ चे ११ होतात. ‘महानगरपालिकेच्या’चं ‘मनपाच्या’ केलं की १६ चे ८. ‘पाडकाम कारवाईला’मधली ‘कारवाई’ नुसती भर आहे, पाडकाम हीच कारवाई. ‘पाडकामाला’ केलं की १५ चे ९. उरलं: ‘मनपाच्या पाडकामाला हायकोर्टाची स्थगिती’. मोजून ३८. अर्थ तसूभर हलला नाही आणि कायद्याचा शब्द जसाच्या तसा राहिला.

अजून दोन घटक वाचवायचे असतील आणि आवृत्ती नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरची असेल, तर ‘हायकोर्टाची’ऐवजी ‘खंडपीठाची’ लिहा. ११ चे ९ होतात आणि तिथला वाचक तसंच म्हणतो. कोल्हापुरात ते चालणार नाही. तिथे ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच बसतं, त्याला ‘खंडपीठ’ म्हणणं चूक. मथळ्यात दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाचा संदर्भ असेल तरही घोळ होतो, तेव्हा ‘हायकोर्ट’ बरं. तेच ‘मनपा’चं. शहरात नगरपरिषद असेल तर ‘मनपा’ लिहिता येत नाही. इचलकरंजी २०२२ मध्ये महानगरपालिका झाली, त्याआधीच्या तिथल्या बातमीत ‘मनपा’ सरळ चूक ठरली असती. शंका असेल तर ‘पालिका’ बऱ्याच ठिकाणी खपून जातं, पण ‘पालिकेच्या’ १० भरतो, दोन घटक जास्त.

संस्थांनंतर प्रत्यय आणि लोंबकळणारी क्रियापदं पाहा. ‘कडून’ हा एक मोठा चोर आहे. ‘हायकोर्टाकडून’ १३, ‘हायकोर्टाची’ ११. ‘करण्यात आली’ हे जागेसकट ११ घटक बहुतेक मथळ्यांत अर्थ न बिघडवता गळून पडतात. ‘निधी मंजूर करण्यात आला’ याचं ‘निधी मंजूर’ होतं आणि कुणाचंही काही अडत नाही.

हे सगळं करूनही बसलं नाही तर मगच क्रियापदाकडे वळा, आणि पोलीस-न्यायालयाची बातमी असेल तर तेव्हाही नको. तिथे छोटा शब्द जवळजवळ नेहमी मोठा आरोप असतो. ‘ताब्यात’ ७ भरतो, ‘अटक’ ३. पण चौकशीसाठी ताब्यात घेतलेल्या माणसाला अटक झालेली असतेच असं नाही. अटक झाली की त्याला २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं, त्याचे कागद होतात. ‘संशयित’ ६, ‘आरोपी’ ५, ‘दोषी’ ४, ‘चोर’ ३. शब्द जितका आखूड तितका माणूस अधिक गुन्हेगार होत जातो. खटला सुरूही झाला नसताना मथळ्यात ‘दोषी’ छापणं म्हणजे नोटिशीला आमंत्रण, आणि नोटीस आली नाही तरी त्या घरावर अन्यायच. मी वकील नाही, पण अशा मथळ्यावर बसण्यापेक्षा बातमी तीन कॉलमी करून घ्या म्हणून पान लावणाऱ्याशी भांडलेलं बरं.

मृत्यूच्या बातम्यांतही हेच. ‘मृत्यू’ ६ घटकांचा, ‘ठार’ आणि ‘बळी’ ३ चे, ‘निधन’ ४ चा. अपघातात, हल्ल्यात ‘ठार’. साथीत किंवा कुणाच्या हलगर्जीपणाने गेलेला ‘बळी’, आणि तिथेही हलगर्जी सिद्ध व्हायची असेल तर जपून. वृद्धापकाळाने किंवा आजारपणात गेलेल्या व्यक्तीला ‘निधन’. रुग्णालयात आजाराने गेलेल्या माणसाला आकडा बसतो म्हणून ‘ठार’ लिहिलेलं मी पाहिलंय. घरच्यांनी ते कसं वाचलं असेल याचा विचार सुटत नाही.

छापील पानाचं थोडक्यात सांगतो. तिथे खरी मर्यादा रुंदीची असते. ‘स्त्री’ मोजणीत महाग असला तरी कागदावर ‘महिला’पेक्षा कमी जागा घेतो. दोन्ही मर्यादा लागू असतील तर आधी मोजणीत बसवा, मग पानावर डोळ्यांनी पाहा. रुंदी थोडी जास्त झाली म्हणून फॉन्ट आवळू नका, काना आणि र एकमेकांना चिकटून मथळा वाचता येत नाही.

शेवटचं एक, कारण यात तुमचा वेळ जाईल. कधी कधी शब्द दोनदा मोजूनही आकडा एकाने जास्त दिसतो. बातमीदाराने व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला किंवा जुन्या फॉन्टमधून रूपांतरित झालेला मजकूर असेल तर त्यात न दिसणारी जोडखूण असू शकते. ‘शेतकऱ्यांना’सारख्या शब्दांत ती हमखास सापडते. नीट टाइप केला तर हा शब्द ११ भरतो, जुन्या पद्धतीने १२. शब्द खोडून स्वतः पुन्हा टाइप करा. तुमच्या नेहमीच्या शब्दांची यादी स्प्रेडशीटच्या पहिल्या रकान्यात ठेवून शेजारी हे सूत्र टाकलंत, तर प्रत्येकाचा आकडा तयार मिळेल:

```
=LEN(A1)
```

‘स्त्री’समोर ६ आला की यादी बरोबर मोजतेय. आणि मोबाइलची सूचना कुठे कापली जाते हे तुमच्या प्रणाली विभागाला आजच मेलवर विचारा, तोंडी नको. उत्तर आलं नाही तर तो मेल जपून ठेवा.