कोटेशनमधली वायरिंगची ओळ

सोलरच्या कोटेशनमध्ये एकूण आकडा नंतर बघ, आधी वायरिंगची ओळ वाच. नुसतं ‘वायरिंगसह’ लिहिलं असेल, तर डीसी केबल तांब्याची आहे का, किती चौरस मिमीची, हे लिहून माग. समज, पॅनलपासून इन्व्हर्टर 20 मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन 40 मीटर. 4 चौरस मिमीच्या केबलमध्ये 10 अँपिअरला साधारण 2 व्होल्ट पडतात. एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या 200 व्होल्टच्या स्ट्रिंगला हा 1 टक्का चालतो, 2.5 ची केबल घातली तर तोटा दीडपटीच्या वर जातो. कनेक्टरच्या दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या हव्यात. माझ्याकडे वेगवेगळ्या होत्या, एक तापून वितळला.

पॅनलची 25 वर्षांची वॉरंटी बहुधा वीजनिर्मितीची असते. पॅनलमधल्या दोषाची वेगळी विचार. इन्व्हर्टरचं नुसतं नाव नको, मॉडेल नंबर घे.