किती नग विकले की खर्च निघतो?

प्रश्न: महिन्याला किती नग विकले की नफा सुरू होईल? 10% सूट दिली तर?

महिन्याच्या स्थिर खर्चाला एका नगामागे सुटणाऱ्या रकमेने भागा. समजा भाडं, पगार, हप्ते मिळून 30,000. विक्रीची किंमत 250. कच्चा माल आणि पॅकिंग 150. नगामागे सुटतात 100, म्हणजे 300 नगांवर खर्च निघतो आणि 301व्या नगापासून नफा. सूट दिली की किंमत 225 होते, पण माल 150लाच पडतो. सुटतात फक्त 75, म्हणून 400 नग लागतात. सूट दहा टक्के, विक्री मात्र तेहतीस टक्के जास्त हवी! भाडं नगाच्या खर्चात पुन्हा धरू नका (ही चूक सर्रास होते), नाहीतर ते दोनदा मोजलं जाईल आणि आकडा फुगेल. 400 नगांसाठी जादा माणूस लागणार असेल, तर त्याचा पगार स्थिर खर्चात घालून पुन्हा भागा.