निधनाच्या निरोपाला उत्तर: इमोजी, स्टिकर की जिफ?

«आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मागच्या आठवड्यात मामींच्या निधनाचा निरोप आला. कुणी 🙏 टाकला, कुणी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलेलं स्टिकर, एका भाच्यानं तेवत्या समईचं जिफ. मी गोंधळलो आणि काहीच टाकलं नाही. या तिन्हींच्या अर्थात काही फरक आहे, की ज्याची त्याची आवड? आणि मराठीत यांना वेगळे शब्द आहेत का?»

फरक आहे, आणि तो अर्थाचाच आहे. थोडक्यात सांगायचं तर इमोजी हे अक्षर आहे, स्टिकर हे पूर्ण वाक्य आहे आणि जिफ हा प्रसंग आहे. तिघांपैकी काय निवडायचं हे त्यावरून ठरतं.

आधी शब्दाकडे पाहू. 'इमोजी' हा जपानी शब्द. 'ए' म्हणजे चित्र, 'मोजी' म्हणजे अक्षर. इंग्रजी 'इमोशन'शी त्याचं जुळणं हा निव्वळ योगायोग आहे. मराठीत त्याला 'भावचिन्ह' म्हणतात, पण तो शब्द खरं तर इमोजीच्या आधीच्या 'इमोटिकॉन'ला, म्हणजे विरामचिन्हांतून केलेल्या :-) सारख्या चेहऱ्यांना नेमका बसतो, कारण त्या नावात 'इमोशन' खरोखरच आहे. इमोजीला मी 'चित्राक्षर' म्हणेन. केवळ व्युत्पत्तीसाठी नव्हे. यंत्राच्या लेखीही ते अक्षरच आहे. जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत 'क'चा क्रमांक U+0915 आणि 🙏 चा U+1F64F. तुम्ही 🙏 टाकता तेव्हा चित्र जात नाही, हा क्रमांक जातो, आणि समोरचा फोन आपल्याकडच्या वळणाचं चित्र तिथे काढतो. म्हणून तर ते शब्दाच्या शेजारी, ओळीत, अक्षराएवढ्याच उंचीत बसतं.

अक्षर असल्यामुळे त्याचा अर्थ शेजारच्या शब्दांवर अवलंबून राहतो. 'उद्या वेळेवर ये' यात जरब आहे. 'उद्या वेळेवर ये 🙂' म्हणजे 'उद्या वेळेवर ये हं'. आपल्या बोलण्यातलं 'हं', 'बरं का', 'की' जे काम करतात, ते लिहिताना हरवतं आणि इमोजी ते परत आणतो. शाळेत आपण केवलप्रयोगी अव्ययं शिकलो, त्यांच्या पंक्तीत मी त्याला बसवीन. 'अरेरे' एकटं उच्चारलं तर ऐकणारा पुढच्या शब्दांची वाट पाहतो. इमोजीचंही तसंच आहे.

🙏 च्या बाबतीत हे फार जाणवतं. युनिकोडमध्ये त्याचं नाव एवढंच सांगतं की हात जोडलेला माणूस. जपानमध्ये तो विनंतीला आणि आभाराला चालतो. आपल्याकडे नमस्कार, विनवणी, आभार, क्षमा आणि श्रद्धांजली, पाचही एकाच हात जोडण्यात येतात. सकाळी 'सुप्रभात 🙏', दुपारी 'वर्गणी भरा 🙏' आणि संध्याकाळी मामींच्या निरोपाखाली नुसता 🙏. शेवटचा वाचताना वाचणाऱ्यालाच अर्थ भरून घ्यावा लागतो. तीन वेळा टाकला तर 'त्रिवार वंदन' ऐकू येतं, म्हणून 🙏🙏🙏 मला पोकळ वाटत नाही. पण सोबत एक शब्द असेल तर तो जास्त पोचतो.

शब्दांशिवाय टाकलेले चेहरे तर धोक्याचेच. 😂 हा हसून हसून डोळ्यांत पाणी आल्याचा चेहरा. लहान पडद्यावर, चाळिशी लागलेल्या डोळ्यांना त्यातले अश्रूच दिसतात, हसू दिसत नाही, आणि निधनाच्या निरोपाखाली तो अगदी मनापासून टाकला जातो. 😪 मध्ये थेंब दिसतो, पण तो अश्रू नव्हे. जपानी चित्रकथांत झोपलेल्या माणसाच्या नाकाशी फुगा काढतात, तो आहे. हा झोपेचा चेहरा. 😭 रडण्याचाच आहे, पण आता तरुण मुलं तो हसून लोळण्यासाठीही वापरतात. त्यामुळे अशा वेळी चेहऱ्यांपेक्षा 🙏 बरा.

आता स्टिकर. ते संदेशाच्या ओळीत बसत नाही, स्वतंत्र येतं. ते खरोखरचं चित्र आहे: व्हॉट्सॲपच्या नियमाप्रमाणे 512 × 512 पिक्सेलचं, साधं असेल तर 100 केबीच्या आत. त्यामुळे सगळ्या फोनवर ते सारखंच दिसतं. व्हॉट्सॲपवर स्टिकरं 2018 मध्ये आली, आणि मराठी मजकुराची स्टिकरं तेव्हापासून घरोघरी फिरताहेत. 'स्टिकर'ला मी वेगळा शब्द सुचवणार नाही; स्कूटरवर चिकटवायचं होतं तेव्हापासून तो आपलाच झाला आहे.

स्टिकर पूर्ण वाक्य असतं, पण ते दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं असतं आणि तुम्ही त्याखाली आपलं नाव घालता. म्हणून पाठवण्याआधी ते सही करताना कागद वाचावा तसं वाचावं. पहिलं पाहायचं ते शुद्धलेखन. 'श्रद्धांजली'त आधी द आणि मग ध: द् + ध. पुष्कळ स्टिकरांवर 'श्रध्दांजली' असं उलटं छापलेलं असतं. हाताने टाइप केलं तर चूक दुरुस्त करता येते. स्टिकरमधली चूक तशीच ग्रुपवर राहते. दुसरं, त्या वाक्यात धर्म असतो. 'कै.' म्हणजे कैलासवासी. 'ॐ शांती' आणि 'कै.' हिंदू घरात स्वाभाविक आहेत. बौद्ध, ख्रिस्ती किंवा मुस्लीम शेजाऱ्याच्या दुःखात ते परके होतात. तिथे 'आदरांजली' हा शब्द जवळचा, आणि तो स्वतः लिहावा. तिसरं, माझ्या ओळखीचे एक गृहस्थ दृष्टिहीन आहेत, फोन त्यांना संदेश वाचून दाखवतो. 🙏 आला की फोन त्याचं नाव उच्चारतो. स्टिकरवरची अक्षरं मात्र चित्राचा भाग असल्यामुळे ती त्यांच्या कानापर्यंत आलीच नाहीत. वीस जणांनी श्रद्धांजली वाहिली आणि त्यांना एकही ऐकू आली नाही.

जिफबद्दल थोडक्यात. हे नाव 1987 मध्ये कॉम्प्युसर्व्ह कंपनीनं काढलेल्या चित्रप्रकाराचं आहे. तो घडवणाऱ्या स्टीव्ह विल्हाइट यांचा आग्रह उच्चार 'गिफ' नव्हे, 'जिफ' असावा असा होता. मराठीत ग आणि ज वेगळे लिहावे लागत असल्यामुळे आपल्याला बाजू घ्यावीच लागते. मी कर्त्याचं ऐकतो. मराठी शब्दच हवा असेल तर 'हलतं चित्र' सरळ आणि पुरेसं आहे. व्हॉट्सॲपवर जे जिफ म्हणून येतं ते आतून बिनआवाजी, फिरून फिरून चालणारा छोटा व्हिडिओ असतो.

हे फिरून फिरून येणंच त्याचा अर्थ ठरवतं. पुतण्या दहावी पास झाला तर नाचणारं पोर पुन्हा पुन्हा नाचलं तरी आनंद वाढतोच. दुःखाचं तसं नाही. दोन-तीन सेकंदांत परत पहिल्यापासून रडू लागणारा माणूस पाहताना रडण्याचा अभिनयच दिसू लागतो. त्यात शोधताना इंग्रजी शब्द घातला, की बहुधा कुठल्या तरी विनोदी मालिकेतला परका चेहरा हाती येतो. तुमच्या भाच्यानं समई निवडली, ती त्यानं विचार करूनच निवडली असणार. आपल्याकडे माणूस गेल्यावर घरात दहा दिवस दिवा तेवत ठेवतात, ती आठवण त्यात आहे. पण आपण 'प्राणज्योत मालवली' म्हणतो, आणि इथे ज्योत दर तीन सेकंदांनी झटका खाऊन पुन्हा सुरू होते. मला ते बघवत नाही. स्थिर चित्र असतं तर ते खटकलं नसतं.

अर्थाइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट आहे, जागेची. निधनाच्या निरोपात सहसा अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून निघणार हे असतं. एक स्टिकर पडद्यावर चार-पाच ओळींची जागा घेतं. चाळीस माणसांच्या ग्रुपवर पंचवीस स्टिकरं आली, की उशिरा फोन उघडणाऱ्याला ती वेळ शोधायला बोटानं वर सरकत जावं लागतं. माझे वडील गेले तेव्हा एक चुलतभाऊ असाच पोचायला उशिरा निघाला. त्याला 'साडेचार' हा आकडा सापडला तेव्हा सव्वाचार झाले होते. म्हणून ग्रुपवर नुसती पोच द्यायची असेल, तर त्या निरोपावरच बोट दाबून 🙏 ची प्रतिक्रिया द्यावी. ही सोय 2022 पासून आहे. प्रतिक्रिया निरोपाला चिकटून राहते, नवी ओळ येत नाही, आणि कोणी कोणी हात जोडले ते घरच्यांना एका यादीत दिसतं.

तिथे 👍 मात्र देऊ नये. देणाऱ्याच्या मनात 'वाचलं' असतं. पण मराठीत अंगठा हा फारसा मानाचा अवयव नाही: 'अंगठा दाखवणे' म्हणजे ठेंगा दाखवणे, आणि 'अंगठेबहाद्दर' कोण ते आपण जाणतोच. मोठ्यांना तो उद्धट वाटतो, आणि मृत्यूच्या बातमीवर तर 'छान झालं' असाच वाचला जातो.

तुम्ही काहीच टाकलं नाही याचं फार वाईट वाटून घेऊ नका. वडील गेल्यावर महिन्याभरानं मी सगळे निरोप पुन्हा वाचले. स्टिकरं कुणाची होती ते आठवत नाही. एका शेजाऱ्याची ओळ मात्र पाठ आहे: 'अण्णांनी मला सायकल शिकवली, मागून धरून गल्लीभर धावले.' त्यापुढे एक 🙏. त्याला त्या वाक्यानं अर्थ दिला होता.

तुम्हीही ग्रुपवर नव्हे, मामांना एकट्यांना लिहा. आठवडा उलटला तरी उशीर झालेला नाही. उलट गर्दी ओसरल्यावर आलेला निरोप वाचायला त्यांना निवांतपणा असेल. असं काहीतरी, तुमच्या खऱ्या आठवणीसह:

'मामा, त्या दिवशी काय लिहावं सुचलं नाही. मे महिन्यात आम्ही आलो की मामी आधी पायांवर पाणी घालायच्या आणि मग हातात पन्हं द्यायच्या, तेच सारखं डोळ्यांसमोर येतंय. रविवारी येतो. 🙏'