शेजारचा माळवदी वाडा कोसळून आई जखमी झाली; भरपाई मालकाकडे मागावी की भाडेकरूंकडे?

प्रश्न: आम्ही अंबाजोगाईत राहतो. मागच्या आठवड्यातल्या पावसात शेजारच्या जुन्या वाड्याची भिंत आमच्या स्वयंपाकघरावर पडली आणि आईच्या मांडीचे हाड मोडले. आई ४८ वर्षांची आहे, घरी शिवणकाम करते. वाडा दोन भावांचा आहे, ते पुण्यात असतात. ते म्हणतात, "पाऊसच तसा झाला, आणि भाडेकरू जागा सोडत नाहीत, आम्ही काय करणार?" खाली किराणा दुकान आहे, वर एक कुटुंब राहते, त्यांनी माळवदावर पाण्याची टाकी ठेवली होती. ते म्हणतात, "घर आमचे नाही." मग जबाबदार कोण?

उत्तर: मुख्य जबाबदारी दोन्ही भावांची आहे, आणि ती दोघांची मिळून तसेच प्रत्येकाची संपूर्ण आहे. वरच्या कुटुंबाची जबाबदारी टाकीपुरती निर्माण होऊ शकते. किराणा दुकानदाराची बहुधा होणार नाही. मी मराठवाड्यातच दिवाणी वकिली करतो आणि माळवदी घरांचे वाद आमच्याकडे दर पावसाळ्यात येतात, म्हणून कारणे जरा सविस्तर देतो.

आधी मालकांविषयी. दिल्लीच्या चांदणी चौकातील घंटाघर १९५० साली कोसळून माणसे दगावली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली दिलेला निकाल, दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुभागवंती, आजही या विषयाचा पाया आहे. ती इमारत सुमारे ८० वर्षांची होती आणि वापरलेल्या मसाल्याचा विचार करता वरच्या मजल्याचे आयुष्य ४० ते ४५ वर्षांचेच होते, असे साक्षीत आले. वादळ किंवा भूकंप झाल्याचा पुरावा नव्हता. नीट निगा राखलेली इमारत आपोआप कोसळत नाही, म्हणून कोसळणे हाच निष्काळजीपणाचा प्राथमिक पुरावा धरला गेला आणि आपली चूक नव्हती हे दाखवण्याचा भार मालकावर आला. दोष वरून दिसणारा होता की आत लपलेला, याने मालकाच्या दायित्वात फरक पडत नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

तो निकाल रस्त्यावरून जाणाऱ्यांबाबत होता, आणि आपली आई तर स्वतःच्या घरात होती. समोरचा वकील हा फरक नक्की दाखवील. त्याचे उत्तर १९४० सालच्या रिंज विरुद्ध कोहेन या इंग्लंडमधील निकालात आहे. तिथे भाड्याने दिलेल्या घराची टोकाची भिंत वादळात शेजाऱ्याच्या दुकानाच्या छपरावर पडली होती. दुरुस्तीची जबाबदारी मालकाने स्वतःकडे ठेवलेली असल्यामुळे, धोका माहीत नव्हता ही सबब त्याला उपयोगी पडली नाही. सुटका दोनच प्रसंगी मिळू शकते, असे त्या न्यायालयाने सांगितले: एक तर तिऱ्हाईत माणसाने आगंतुकपणे केलेली मोडतोड, किंवा जमीन आतून खचण्यासारखी कोणालाही न दिसणारी नैसर्गिक क्रिया. परदेशी निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसतो, पण अपकृत्याच्या, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीच्या, दाव्यांत असे निकाल मार्गदर्शक म्हणून वाचले जातात, आणि आपली हकीकत त्याच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळते.

आता पावसाची सबब. माझ्या मते आपला दावा इथेच टिकेल किंवा पडेल. अंबाजोगाईत पावसाळ्यात पाऊस पडणार हे घर बांधणाऱ्यालाही ठाऊक होते. ज्या पावसाचा अंदाज करता येत नव्हता आणि वाजवी काळजी घेऊनही ज्याच्यापासून इमारत वाचवता आली नसती, असाच पाऊस दैवी आपत्ती ठरतो. आपल्याकडे २४ तासांत एखाद्या महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी म्हणतात, पण ती मर्यादा शासकीय मदतीच्या कामासाठी आहे. अतिवृष्टी नोंदली गेली म्हणजे मालक सुटला, असे होत नाही. गल्लीतली बाकीची माळवदी घरे त्याच पावसात उभी राहिली असतील, तर ती गोष्ट फोटोसह नोंदवून ठेवा.

तलाठ्याच्या पंचनाम्याबाबत विशेष सावध राहा. मदत लवकर मिळावी म्हणून त्यात "अतिवृष्टीमुळे भिंत पडून नुकसान" असे एक वाक्य लिहिले जाते, घरचे लोक सही करतात, आणि दोन वर्षांनी मालकाचा वकील तेच वाक्य न्यायालयात वाचून दाखवतो. पंचनाम्यात भिंतीची स्थिती लिहून घ्या: दगडांचे सांधे चुन्याचे होते की मातीचे, भिंतीला पोट आले होते का, पिंपळाची किंवा उंबराची मुळे आत शिरली होती का, तुळईची टोके कुजली होती का. सही झालेली असेल, तर हा तपशील आजच लेखी अर्जाने तहसीलदारांना कळवा आणि पोच घ्या.

ढिगारा उचलण्यापूर्वी फोटो काढाच, कारण माळवद कोसळण्याचे कारण त्या ढिगाऱ्यातच असते. माळवदाचा मातीचा थर एक फूट जाडीचा असला तरी दर चौरस मीटरला साधारण अर्धा टन वजन लाकडावर येते, आणि माती भिजली की ते वाढते. पांढऱ्या मातीची डागडुजी वर्षानुवर्षे झाली नाही की पाणी झिरपून भिंतीच्या माथ्यात उतरते, आतला मातीचा सांधा वाहून जातो आणि दगडाचे दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. तुटलेल्या तुळईचा आतला भाग काळा, भुसभुशीत असेल किंवा चिरेत जुनी धूळ आणि शेवाळ असेल, तर ते नुकसान एका रात्रीचे नाही हे स्थापत्य अभियंता साक्षीत सांगू शकतो. तसा अभियंता या आठवड्यातच जागेवर नेऊन लेखी अहवाल घ्या. "त्र्याण्णवच्या भूकंपातही वाडा हलला नाही" असे मालक म्हणतील. ३० सप्टेंबर १९९३ च्या हादऱ्याने जुन्या सांध्यांना काय झाले हे त्यांनी कधी तपासून घेतले का, एवढेच त्यांना उलट विचारायचे.

नगरपरिषदेने धोकादायक इमारतीची नोटीस पूर्वी दिली होती का, हे माहितीच्या अधिकारात अर्ज करून मागा. ३० दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. नोटीस निघालेली असेल तर मालकांना धोका माहीत होता हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. त्याच वेळी मालमत्ता पत्रक आणि कर आकारणीचा उतारा काढा. पत्रकावर मालक म्हणून ज्यांची नावे असतील ते सगळे प्रतिवादी होतील, मग भावांमध्ये वाटणी झालेली असो वा नसो. उताऱ्यातील भोगवटादाराच्या रकान्यावरून प्रत्यक्ष ताबा कोणाचा होता ते कळेल.

भाडेकरू जागा सोडत नाहीत, ही तक्रार त्यांच्या आपसातली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार, उलट करार नसेल तर घर दुरुस्त ठेवण्याचे बंधन मालकावरच आहे. मालकाने टाळाटाळ केली तर भाडेकरू १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो, पण वर्षभरात भाड्यातून वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. महिना ३०० रुपये भाडे असेल तर वर्षाला ९०० रुपये! एवढ्यात माळवदावर मातीही पडत नाही. म्हणून भिंत सांभाळली नाही असा दोष दुकानदाराला देणे मला न्याय्य वाटत नाही. दुरुस्तीचे बंधन भाडेकरूवर टाकणारा करार निघाला तर तोही प्रतिवादी होईल, मात्र तेवढ्यावरून मालकांची शेजाऱ्यांप्रती असलेली जबाबदारी संपणार नाही.

भोगवटादाराची जबाबदारी त्याच्या ताब्यातील आणि त्याने स्वतः केलेल्या गोष्टींपुरती असते. वरच्या कुटुंबाने हजार लिटरची टाकी माळवदावर ठेवली असेल, तर भरल्यावर तो एक टन बोजा होतो, आणि ती गळत असेल तर बाराही महिने ओल राहते. टाकी पडलेल्या भिंतीच्या बाजूला होती का, हे अभियंत्याकडून लिहून घ्या. तशी असेल तरच त्यांना प्रतिवादी करा. दुकानदाराला मात्र साक्षीदार म्हणून बोलवा. भिंतीला पोट आल्याचे त्याने मालकांना फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर कळवलेले असेल, तर तो आपला सर्वांत उपयोगी माणूस आहे, आणि रागाच्या भरात त्याला प्रतिवादी केले तर तो मालकांच्या बाजूला जाऊन बसेल.

मालक आणि वरचे कुटुंब दोघेही दोषी ठरले, तरी पूर्ण रक्कम आपण कोणाही एकाकडून वसूल करू शकता. वाटे कसे पाडायचे ते त्यांनी आपसात पाहावे.

रकमेचा हिशेब करताना उपचाराचा खर्च, बुडालेली कमाई, मदतनिसाचा खर्च आणि वेदना हे भाग वेगवेगळे मांडावेत. कायमचे अपंगत्व राहिले तर मोटार अपघाताच्या दाव्यांतील पद्धत मार्गदर्शक म्हणून वापरता येते. समजा, आईंची कमाई महिना ९,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,०८,००० आहे आणि कमाईची क्षमता २० टक्क्यांनी घटली. वर्षाचे नुकसान २१,६०० रुपये झाले. ४६ ते ५० वयासाठी गुणक १३ आहे, म्हणून या एका भागाचे २,८०,८०० रुपये होतात. प्रमाणपत्रावरील अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पायमशीन चालवणाऱ्या बाईचा पाय अधू झाला तर घट प्रमाणपत्रातील आकड्याहून जास्त असू शकते, आणि हे डॉक्टरांच्या साक्षीत आले पाहिजे. शिलाईच्या वह्या आणि गिऱ्हाइकांचे ऑनलाइन पैसे आल्याच्या नोंदी आतापासूनच एकत्र करा.

पोलिसांत तक्रार द्यावी. मांडीचे हाड मोडणे ही गंभीर दुखापत आहे, आणि निष्काळजीपणाने ती झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५(ब) खाली ३ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बांधकाम किंवा पाडकाम चालू असते तर कलम २९० ही लागले असते. इथे ते लागणार नाही. मात्र फौजदारी खटल्यातून उपचाराचे पैसे मिळतील या भरवशावर राहू नका. भरपाईचा दिवाणी दावा वेगळा लावावा लागतो आणि त्याची मुदत साधारणपणे ३ वर्षांची आहे. नगरपरिषदेलाही प्रतिवादी करायचे असेल, तर आधी नोटीस द्यावी लागते आणि मुदत बरीच कमी असते, म्हणून तो निर्णय वकिलाशी बोलून याच महिन्यात घ्या. स्त्री म्हणून आईंना उत्पन्नाची अट न लागता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

मध्यस्थांची बैठक बसवून मालक दवाखान्याचा काही खर्च देऊ करतील. पैसे जरूर घ्या, पण "उपचारापोटी अंशतः रक्कम मिळाली" एवढीच पावती द्या. "यापुढे कोणतीही तक्रार नाही" असे लिहिलेल्या कागदावर, हाड जुळून अपंगत्व किती राहिले ते कळेपर्यंत, सही करू नका.

पडलेल्या भिंतीला जोडून वाड्याचा उरलेला भाग अजून उभा असेल, तर दाव्याची वाट पाहू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. इमारत पडून शेजाऱ्यांना इजा होण्याची शक्यता असेल, तर ती उतरवण्याचा, दुरुस्त करण्याचा किंवा तिला टेकू देण्याचा आदेश ते मालकाला तसेच ताबा असणाऱ्यालाही देऊ शकतात. अर्जासोबत अभियंत्याचा अहवाल आणि फोटो जोडा, नगरपरिषदेला एक प्रत द्या, आणि तोपर्यंत त्या बाजूच्या खोलीत कोणालाही झोपू देऊ नका.