मुलीच्या आई-वडिलांना पहिलं पत्र: काय लिहायचं, काय गाळायचं

प्रश्न: मी २७ वर्षांचा, मराठा, घर जुळे सोलापुरात, नोकरी पुण्यात. लक्ष्मी (नाव बदललंय) पद्मशाली, घर अशोक चौकाच्या बाजूला, वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर. चार वर्षांची ओळख, तिने घरी सांगितलंय. वडील गप्प आहेत, आई म्हणाली, "आधी तो कोण आहे ते तरी कळू दे." भेटण्याआधी पत्र लिहायचंय. हातात ३८ हजार येतात, बहिणीच्या लग्नाचं कर्ज आहे, इंजिनिअरिंगला एक वर्ष गेलं. सगळं लिहू का? सुरुवात 'तीर्थरूप आई-बाबा' अशी केलीय.

उत्तर:

सगळं लिहा, पण आधी सुरुवात बदला. 'तीर्थरूप' आपण फक्त स्वतःच्या आई-वडिलांना लिहितो. वडीलधाऱ्या पण परक्या माणसाला 'तीर्थस्वरूप' किंवा साधं 'आदरणीय'. तुमच्या कागदावर पहिल्याच ओळीत 'तीर्थरूप आई-बाबा' आहे, म्हणजे जे नातं अजून त्यांनी दिलेलं नाही ते तुम्ही घेऊन मोकळे झालात. जुन्या वळणाची पत्रं वाचलेल्या माणसाला हे लगेच खटकतं. 'आदरणीय काका आणि काकू, सा. न. वि. वि.' एवढं पुरे. दोघांनाही लिहा. 'तो कोण आहे' हे आईने विचारलंय आणि पत्र फक्त वडिलांच्या नावाने गेलं, तर जिने दार किलकिलं केलं तिलाच तुम्ही वगळलंत.

आता हे पत्र कशासाठी आहे ते पक्कं करा. लग्नाला होकार मिळवणं हे त्याचं काम नाही. 'त्याला एकदा घरी बोलव' इतकं वडिलांच्या तोंडून निघावं, एवढंच काम. त्यासाठी त्यांना पडताळून बघता येतील अशा गोष्टी लागतात. मुलीचे वडील तुमच्याबद्दल चौकशी करणारच, आणि सोलापुरात ती दोन दिवसांत होते: ओळखीचा कोणी जुळे सोलापुरात राहत असतो, कोणाचा भाचा पुण्यात तुमच्याच कंपनीच्या शेजारी असतो. म्हणून कॉलनीचं नाव, वडील काय करत होते, कंपनी, हुद्दा, किती वर्षं, हे स्वतःच लिहा. त्यांनी शोधून काढलेलं आणि तुम्ही लिहिलेलं जुळलं की निम्मं काम झालं. अडतीसचे 'चाळीस-पंचेचाळीस' केलेत तर तेवढ्या एका आकड्यावर बाकीचं सगळं खोटं ठरतं.

पैशाचा परिच्छेद इथे सगळ्यात महत्त्वाचा, कारण वाचणारा जॉबर आहे. पगार, उचल, हप्ता हे शब्द तो रोज ऐकतो. 'मी तिला काही कमी पडू देणार नाही' या वाक्याचा त्याला काहीच उपयोग नाही. हिशेब द्या, तोही असा साधा:

"दरमहा हातात ३८,००० येतात. बहिणीच्या लग्नासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता ९,२०० आहे, अजून २२ हप्ते बाकी आहेत. घरी ६,००० देतो. पुण्यात दोघांत मिळून खोली आहे, माझ्या वाट्याचं भाडं ७,५००. जेवण आणि प्रवास धरून ८,००० जातात. उरतात ७,३००, ते बाजूला टाकतो. कर्ज फिटेपर्यंत वेगळं घर घेणं मला जमणार नाही, म्हणून त्याआधी लग्नाची घाई करणार नाही."

३८,००० सोडून बाकीचे आकडे मी अंदाजाने घातलेत, तुमचे खरे घाला आणि बेरीज दोनदा तपासा. ३८,००० मधून सगळं वजा केल्यावर खाली खरंच ७,३०० येतात का, हे ते मनातल्या मनात करून बघतील. शेवटचं वाक्य गाळू नका. बहिणीच्या लग्नाच्या कर्जाकडे मुलीचा बाप दोन बाजूंनी बघतो: पोरगा घरच्या जबाबदारीला उभा राहतो, हे चांगलं, पण हे कर्ज माझ्या मुलीच्या पगारातून फिटणार का, ही शंका. कर्ज कधी संपतं हे लिहिलं की शंकेला उत्तर मिळतं. त्याच कारणाने लक्ष्मीचा पगार या हिशेबात कुठेही धरू नका, ती कमावत असली तरी. 'दोघं मिळून भागवू' हे तुम्हाला समजूतदारपणाचं वाटतं, त्यांना ते 'तिच्या जिवावर' असं ऐकू येतं.

गेलेल्या वर्षाला एक ओळ द्या: "तिसऱ्या वर्षाला दोन विषय राहिले, त्यामुळे पदवीला चार ऐवजी पाच वर्षं लागली." पुढे कारण नको, पेपर कठीण होता हेही नको. उणी बाजू सांगून लगेच सारवासारव केली की ती मोठी दिसते. दारू, तंबाखू, मावा यांबद्दल ते नक्की विचारणार. जे खरं असेल ते तेवढ्याच कोरडेपणाने लिहा. कधीतरी मित्रांबरोबर घेत असाल तर 'निर्व्यसनी' हा शब्द वापरू नका, कारण चौकशीत पहिला प्रश्न तोच असतो.

जातीचं काय करायचं? बरेच जण तो विषय गाळतात किंवा मग माणुसकीवर अर्धं पान लिहितात. दोन्ही चुकतं. गाळलंत तर तुम्हाला अडचण कळलेलीच नाही असं वाटतं, आणि प्रवचन दिलंत तर तुम्ही त्यांना मागासलेले म्हणताय असं वाटतं. दोन वाक्यं लिहा: "आम्ही मराठा, तुम्ही पद्मशाली. तुमच्या समाजात आणि नात्यात तुम्हाला यावरून ऐकून घ्यावं लागेल हे मला माहीत आहे." दुसऱ्या वाक्यात त्यांची अडचण तुमच्या तोंडून येते, आणि पुष्कळदा वडिलांचा राग तिथेच थोडा उतरतो. भाषेचंही तसंच. त्यांच्या घरी तेलुगू बोलत असले तरी पत्र मराठीतच लिहा. तेलुगू येत नसताना मित्राकडून तेलुगूत लिहून घेतलेलं पत्र मित्राचंच वाटतं, आणि पहिल्या भेटीत तुम्ही उघडे पडता. तेलुगू शिकत असाल, समजतं पण बोलता येत नाही असं असेल, तर तसंच लिहा. पुढच्या पिढीने घरात तेलुगू बोलावं याला तुमची हरकत नसेल, तर ते जरूर लिहा. हा प्रश्न आजी-आजोबांच्या मनात असतो पण विचारत कोणी नाही.

पत्र देण्याआधी एक गोष्ट झालेली असलीच पाहिजे: तुमच्या घरी हे माहीत असलं पाहिजे. तुमच्या प्रश्नात याबद्दल एक अक्षर नाही. वडिलांचा पुढचा प्रश्न 'तुझ्या घरचे काय म्हणतात' हाच असणार. तुमचे आई-वडील राजी असतील तर तसं लिहा. नाराज असतील तर "आई तयार आहे, वडिलांचं मन अजून झालेलं नाही" असं लिहा, तेही चालतं. घरी सांगितलंच नसेल तर पत्र थांबवा. हुंडा, मानपान, सोनं काही नको हे वाक्य घालायचं असेल तर तेही आईसमोर आधी बोलून घ्या. तुम्ही कागदावर 'नको' म्हणायचं आणि पुढे बैठकीत तुमच्या मामांनी यादी काढायची, असं झालं की ठरत आलेलंही मोडतं.

उद्देश शेवटी, तीन-चार वाक्यांत: "लक्ष्मीशी लग्न करायची माझी इच्छा आहे. कर्ज फिटायला पावणेदोन-दोन वर्षं आहेत, त्यानंतर, तुमच्या संमतीने. सध्या माझी विनंती एवढीच की मला एकदा भेटायला बोलवावं. एकट्याने येऊ की आई-वडिलांना घेऊन, ते तुम्ही सांगाल तसं." 'काहीही झालं तरी आम्ही लग्न करणारच' आणि 'तिच्याशिवाय मी जगू शकत नाही' ही दोन्ही वाक्यं बापाला धमकीसारखी वाटतात. कोर्टमॅरेजचा उल्लेखही त्याच कारणाने नको. (जाता जाता: दोघंही हिंदू असाल तर जात वेगळी असली तरी नेहमीच्या विधीने लग्न होतं आणि ते १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखालीच नोंदवता येतं. ३० दिवसांच्या नोटिशीचा १९५४ चा विशेष विवाह कायदा त्यासाठी लागतोच असं नाही. हे तुमच्या माहितीसाठी, पत्रासाठी नाही.)

तिचा उल्लेख घरात वापरतात त्या पूर्ण नावाने करा, तुमच्या लाडक्या नावाने नको. चार वर्षांच्या ओळखीबद्दल 'कॉलेजपासून ओळखतो' किंवा जे असेल ते एका ओळीत. कुठे भेटायचो, किती फिरलो हे नको. त्यातली प्रत्येक ओळ वाचताना त्यांना तिने घरी सांगितलेली कारणं आठवतात आणि बोलणी तिलाच बसतात. पाठवण्याआधी पत्र लक्ष्मीला वाचून दाखवा. तिने घरी काय आणि किती सांगितलंय हे तिलाच माहीत. तिने दोन वर्षं सांगितली असतील आणि तुम्ही चार लिहिलीत, तर खोटी ती पडेल.

रेघी कागदावर, हाताने, दोन पानांत बसेल एवढंच. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. तिथलं पत्र अर्ध्या तासात सगळ्या काका-मामांच्या फोनवर असतं आणि मग वडिलांना एकट्याने विचार करायला जागाच उरत नाही. पोस्टानेही नको, एकत्र घरात पाकीट कोण फोडेल सांगता येत नाही. लक्ष्मीने ते आईच्या हातात द्यावं, वडील पाळीवरून दमून आलेले असताना नाही, सुट्टीच्या दिवशी. खाली तुमचा फोन नंबर आणि घरचा पत्ता. मात्र घरात तिचा फोन काढून घेतलाय, बाहेर जाणं बंद केलंय किंवा मारहाण झालीय असं असेल तर पत्र देऊच नका. तेव्हा आधी तिची सुरक्षितता बघायची. गरज पडली तर ११२ वर फोन करायचा.

पत्र दिल्यावर तीन-चार आठवडे काहीच आलं नाही तरी दुसरं पत्र लिहू नका, वडिलांना रस्त्यात गाठूही नका. लक्ष्मीकडून एवढंच कळून घ्या की पत्र फाडलं की कपाटात ठेवलं. ठेवलं असेल तर चौकशी चालू आहे. एखाद्या दिवशी तुमच्या कॉलनीतलं कोणी सांगेल की दोन माणसं येऊन तुमच्याबद्दल विचारून गेली. तेव्हा घाबरून त्यांना फोन करू नका, आपल्या घरच्यांना फक्त सांगून ठेवा की कोणी आलं तर चहा द्या आणि विचारतील ते खरं सांगा.