फिरणाऱ्या चाकाचं वजन आणि आमचे दाजी

प्रश्न: भोवरा फिरताना पडत का नाही? टॉर्क आणि कोनीय संवेग सदिश धरून कुणी नीट सांगेल का?

केंद्रोत्सारी बलाचं नाव घेणारी उत्तरं खुशाल सोडून द्या. आमचे दाजी तर त्याच्याही पुढचे. त्यांच्या मते फिरणारी वस्तू हलकी होते. गड्ड्याच्या यात्रेत घेतलेल्या भोवऱ्याला जाळी गुंडाळता गुंडाळता त्यांनी हे भाच्यालाही शिकवलं, मग मात्र मला राहवलं नाही. आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, चाकांना तोटा नाही.

टायरसकट 2 किलोचं चाक घेतलं, आस पाइप जोडून लांब केला आणि त्याचं एक टोक दोरीनं टांगलं. दोरी स्प्रिंगच्या काट्याला. दोरीपासून चाक 15 सेंमी. आस आडवा धरून चाक सेकंदाला तीन फेऱ्यांच्या वेगानं फिरवलं आणि सोडलं. ते खाली लोंबलं नाही, आडवंच राहून दोरीभोवती संथ फिरू लागलं. हेच परांचन, भोवराही असाच डुलतो. काट्यावर मात्र पूर्ण वजन! दाजी म्हणाले, काटा खराब आहे.

आता हिशोब. कोनीय संवेग आसाच्या दिशेनं असतो. वस्तुमान सगळं कडेला, त्रिज्या 30 सेंमी धरली तर तो 3.4 येतो. गुरुत्वाचा टॉर्क 2 × 9.8 × 0.15, म्हणजे 2.9, आणि त्याची दिशा खाली नसून आडवी, आसाला काटकोनात. सगळी गंमत इथंच आहे. दर दशांश सेकंदात टॉर्क 0.29 इतका संवेग त्या आडव्या दिशेला जोडतो. चाक थांबलेलं असेल तर आधीचा संवेग शून्य, जोडला तेवढाच सगळा, आणि तसं फिरणं म्हणजेच पडणं. पण आधीच 3.4 असताना बाजूला 0.29 जोडलं, तर लांबी जवळपास तीच राहते, संवेगाचा बाण फक्त पाचेक अंश वळतो. असं वळत वळत पूर्ण फेरीला सात-एक सेकंद लागतात. सूत्रात वस्तुमान उरतच नाही:

Ω = gd / (r²ω)

Ω परांचनाचा वेग, ω चाक फिरण्याचा, d दोरीपासून चाकाचं अंतर, r त्रिज्या, g म्हणजे 9.8. ω छेदात येतो, म्हणून चाक मंदावलं की परांचन जलद होतं. मरायला टेकलेला भोवरा भरभर डुलतो तो त्यामुळेच. चाक उलटं फिरवा, परांचनही उलटं.

सोडताक्षणी टोक किंचित खाली जातं आणि थोडं थरथरतं, ते मी हिशोबात धरलेलं नाही. सूत्र चालतं ते फिरणं परांचनाच्या मानानं खूप जलद असेपर्यंतच. तिरका भोवरा आधी ताठ उभा का होतो, हा आर आणि जमीन यांच्यातल्या घर्षणाचा वेगळा विषय आहे.

तुमच्याकडेही कुणी वजन कमी होतं म्हणालं, तर सूत्र मांडत बसू नका, सरळ काटा लावा. तो आधी न फिरणाऱ्या चाकावर त्यांच्याच हातानं तपासून घ्या, म्हणजे नंतर खराब म्हणता येत नाही.