निरोपाचं भाषण फ्रेंचमध्ये: 'मिस करीन' कसं म्हणायचं?

प्रश्न: फ्रान्समधली टीम सोडतोय, मी इंजिनिअर आहे. फ्रेंचमध्ये दोन मिनिटं बोलायचंय. 'तुम्हाला मिस करीन' कसं म्हणू?

उत्तर: 'वूझाले म माँके' म्हणा. इथे इंग्रजीतून विचार केलात की फसलात. 'झ व्हे वू माँके' म्हणालात, तर अर्थ होतो 'तुम्हाला माझी उणीव भासेल', म्हणजे स्वतःचीच आरती! मराठीतून गेलात तर सोपं आहे: 'तुम्ही मला आठवाल'. कर्ता 'तुम्ही', आठवण मला. फ्रेंचची रचना अगदी तशीच आहे.

दुसरा खड्डा 'सपोर्ट'. 'मेर्सी द माव्वार स्युपोर्ते' म्हणजे 'मला सहन केल्याबद्दल आभार'. मी माझ्या निरोपाला नेमकं हेच गंभीर चेहऱ्याने बोललो आणि सगळे खो खो हसले. त्यांना तो मुद्दाम केलेला विनोद वाटला, म्हणून निभावलं. पाठिंब्याबद्दल आभार मानायचे तर शेवटचा शब्द 'सूतन्यू' घ्या. विनोद हवाच असेल, तर आधी 'स्युपोर्ते' म्हणून क्षणभर थांबा, मग 'सूतन्यू' म्हणा.

शेवटी 'आद्यू' नको, ते कायमच्या निरोपासारखं वाटतं. 'आ ब्यँतो' पुरे. म्हणजे 'लवकरच भेटू'.